क्रमशः कथा: भाग कुठे तोडावा, किती दिवसांनी टाकावा?

ओलीमाती
एक रहस्यकथा भागांमध्ये टाकते आहे. ठरवलेले भाग 22, त्यातले 8 टाकून झाले. पहिल्या तीन भागांखाली चांगली चर्चा झाली, आता प्रत्येक भागाखाली पाच-सहा 'पुभाप्र', म्हणजे 'पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत', येतात आणि बाकी शांतता. भागाची लांबी साधारण 2800 शब्द. पहिले तीन भाग एका आठवड्यात टाकले, नंतर अंतर 11 दिवस, 4 दिवस, 19 दिवस असं वेडंवाकडं होत गेलं. एक भाग लिहायला दहा दिवस लागतात.

कथा थोडक्यात अशी. साल 1998. वैदेही राजापूरजवळच्या गावी, अण्णाकाकांचं बंद घर विकायच्या आधी आवरायला आली आहे. काका मार्च 1997 मध्ये वारले. घरात तिला एक पेटी सापडते, पेटीत काकांचं पोस्टाचं पासबुक आणि त्यात काका गेल्यावर तीन महिन्यांनी 12,000 रुपये काढल्याची नोंद. इथून गाडी पुढे जाते.

आत्तापर्यंतच्या भागांचे शेवट:
भाग 2: फोन वाजला, तिने उचलला आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली.
भाग 4: मध्यरात्री मागच्या दारावर थाप पडली.
भाग 6: तिने पेटीचं झाकण उचललं आणि ती किंचाळली.
भाग 8: उद्याचा दिवस काय घेऊन येणार होता, कुणास ठाऊक!

प्रत्येक ठिकाणी उत्कंठा ठेवलीय, तरी वाचक का गळतायत?

चहाबिस्कीट
शेवट अजून जोरदार हवेत. भाग 8 चा तर फुसकाच आहे. क्रमशः म्हणजे शेवटच्या ओळीला धक्का, हा जुनाच नियम. आणि 2800 शब्द फार होतात. सरळ दोन तुकडे कर, 1400-1400 चे. डिकन्सपण शब्दागणिक पैसे मिळायचे म्हणून ताणून ताणून लिहायचा, आपल्याला कुणी पैसे देत नाही!

निळी_शाई
भाग 8 बद्दल सहमत. डिकन्सबद्दल नाही. त्याला शब्दागणिक पैसे मिळत नसत, हप्त्याचे मिळत. त्याच्या मासिक हप्त्याची लांबी 32 छापील पानं, ती ठरलेली. म्हणजे ताणायला जागाच नव्हती, उलट 32 पानांत मावेल असं बसवावं लागायचं.

आता मूळ प्रश्न. ओलीमाती, भाग 2 मधला फोन कुणाचा होता?

ओलीमाती
मावशीचा. कधी येतेस विचारायला.

निळी_शाई
आणि भाग 4 मधली थाप?

ओलीमाती
शेजारचे भाऊ. वीज गेली म्हणून कंदील द्यायला आले होते. 🙈 भाग 6 मध्ये पेटीतून उंदीर निघतो. पासबुक भाग 7 मध्ये येतं.

खडूफळा
म्हणजे लांडगा आला रे आला, तेही तीनदा. आता चौथ्यांदा खरा आला तरी कोण धावणार?

निळी_शाई
खडूफळा यांनी एका ओळीत सांगितलं, मी जरा सविस्तर सांगते.

शेवटच्या ओळीत दोन वेगळ्या गोष्टी करता येतात. एक म्हणजे पात्राला दिसलेलं वाचकापासून लपवणं. ती किंचाळली, पण काय पाहिलं ते सांगणार नाही. दुसरी म्हणजे वाचकाला सगळं दाखवणं, आणि जे दाखवलं त्यातून प्रश्न उभा करणं. तुमचे पहिले तीनही शेवट पहिल्या जातीचे आहेत. लपवलेल्या गोष्टीची उत्सुकता पुढच्या भागाच्या पहिल्या परिच्छेदात संपते, आणि ती उंदीर निघाली तर वाचकाला आपली फसवणूक झाल्यासारखं वाटतं. शिवाय आठवडाभर त्याला विचार करायला काही मिळत नाही. 'पेटीत काय असेल' यावर किती अंदाज बांधणार? काहीही असू शकतं, म्हणून कुणी बांधतच नाही.

तुमच्याकडे दुसऱ्या जातीचा फार चांगला शेवट आहे, पण तो भाग 7 च्या मध्यात गाडला गेलाय. भाग 6 उंदरावर न तोडता तीनशे-चारशे शब्द पुढे नेला असता तर असा संपला असता:

> पासबुकाच्या शेवटच्या पानावर एकच नोंद होती. 12,000 रुपये, काढले. तिने तारखेवरून बोट फिरवलं. 14 जून 1997. बाहेर पडवीत अण्णांच्या फोटोला घातलेला हार वाऱ्याने हलत होता. वर्षश्राद्धाला घातलेला, मार्चमधला.

इथे काहीच लपवलेलं नाही. वाचकाला वैदेहीइतकंच कळलंय आणि म्हणून तो तिच्याबरोबर विचार करतो. पैसे कुणी काढले? काका खरंच गेले का? तारीख चुकली असेल का? तिन्ही अंदाज बांधता येतात, आणि अंदाज बांधलेला माणूस तो बरोबर निघाला का ते बघायला परत येतो.

ओळखायची खूण तुमच्या प्रतिसादांतच आहे. नुसतं 'पुभाप्र' म्हणजे वाचलं, आवडलं, पण डोक्यात प्रश्न राहिला नाही. 'मला त्या शेजारच्या भाऊंचा संशय येतोय' असं कुणी लिहिलं की समजायचं तोड बरोबर जागी बसली.

ओलीमाती
पटलं. पण मग उंदीर?

निळी_शाई
उंदीर राहू दे, भागाच्या मध्यात. तिथे तो वातावरण करतो, शेवटाला बसवला की फसवणूक करतो.

जर्सीकर
कथा वाचतोय, मस्त आहे. एक विनंती, भारतातल्या रात्री नऊला टाकता तेव्हा आमच्याकडे सकाळचे साडेअकरा असतात, मीटिंगा चालू. रविवारी सकाळी भारतातल्या नऊला टाकलंत तर इथे शनिवार रात्रीचे साडेअकरा, निवांत वाचता येईल.

चहाबिस्कीट
आणि रविवारी सकाळी इथे सगळे भाजी आणायला आणि पोरांच्या क्लासला गेलेले असतात. गुरुवार रात्रच बरी.

खडूफळा
वार कोणता यापेक्षा तोच वार राहतो का, हे महत्त्वाचं. 11, 4, 19 अशा अंतरात वाचकाने कधी यायचं तेच त्याला कळत नाही. दोनदा येऊन रिकाम्या हाताने गेला की तिसऱ्यांदा येत नाही. 19 दिवसांत तर तो पात्रांची नावंही विसरतो.

तुमचा साठा किती आहे? म्हणजे लिहून तयार, न टाकलेले भाग?

ओलीमाती
शून्य. लिहिला की टाकते.

खडूफळा
तिथेच गोची आहे. हिशोब करून बघा. उरलेले भाग 14. दर आठवड्याला एक टाकला तर पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत 13 आठवडे जातील. दहा दिवसांत एक भाग, म्हणजे आठवड्याला 0.7. तेरा आठवड्यांत तुम्ही साधारण 9 लिहाल. 14 वजा 9, म्हणजे सुरुवातीलाच 5 भाग हातात असले तर गाडी शेवटपर्यंत वेळेवर धावेल. आजारपण, लग्नकार्य धरलं तर 6. पाचाच्या खाली कुठूनही सुरुवात केली तरी मध्येच साठा संपणार, आणि तो नेमका कथा रंगात आल्यावर संपतो, कारण तिथलेच भाग लिहायला अवघड.

दर दहा दिवसांनी टाकायचं ठरवलं तर साठा लागणार नाही असं वाटतं, पण मग वार बदलत राहतो. एकदा गुरुवार, मग रविवार, मग बुधवार. कुणाच्या लक्षात राहणार?

ओलीमाती
5 भाग लिहायचे म्हणजे 50 दिवस काहीच टाकायचं नाही? तोवर उरलेलेही वाचक जातील!

चहाबिस्कीट
म्हणून तर म्हणतोय, अर्धे कर. 1400 शब्दांचा भाग पाच दिवसांत होईल. आठवड्याला एक टाकलास तर साठा वाढतच जाईल. थांबायची गरज नाही.

निळी_शाई
गणित बरोबर आहे. पण तुकडे केले की शेवटही दुप्पट लागतात. 14 च्या जागी 28 तोडी. 2800 शब्दांच्या भागात बहुतेक वेळा एकच वळण असतं, ते कुठल्यातरी एका अर्ध्यात जातं आणि दुसरं अर्ध कोरडं राहतं. मग त्या कोरड्या तुकड्याला लेखक पुन्हा दारावरची थाप चिकटवतो.

तोडण्याआधी एक बघायचं. भागाच्या सुरुवातीला वैदेहीला जे माहीत होतं आणि शेवटी जे माहीत आहे, त्यात काय फरक पडला? किंवा तिने काही न परतवता येणारं केलं का? तुमच्या भाग 7 मध्ये आधी पासबुक सापडतं आणि नंतर ती घर विकत घेणाऱ्याला नाही म्हणून कळवते. दोन बदल, म्हणजे हा भाग सहज दोन होतो. भाग 8 मध्ये ती स्वयंपाक करते, अंगणात बसते, लहानपण आठवते, झोपते. तिथे शून्य बदल आहे. त्याचे दोन केले तर दोन शून्य होतील. खरं तर तो तोडण्यापेक्षा 9 मध्ये मिसळायला हवा होता, म्हणूनच त्याला उद्याच्या दिवसाचा शेवट शोधावा लागला.

चहाबिस्कीट
मग काही भाग तोडायचे, काही नाही. लांबी कमीजास्त झाली तर काय बिघडतं?

निळी_शाई
1200 ते 1800 मध्ये राहिली तर काही बिघडत नाही. एकदा 900 आणि एकदा 3000 असं झालं की बिघडतं. 900 वाल्या दिवशी वाचक म्हणतो एवढंसंच, 3000 वाल्या दिवशी म्हणतो नंतर वाचू, आणि तो नंतर काही वाचत नाही.

तात्या_पोष्टातले
नमस्कार. पासबुकाचा विषय निघाला म्हणून लिहितो, 34 वर्षं पोस्टात काढली. ताईंच्या कथेत एक चूक आहे. खातेदार वारल्यावर त्याच्या नावाच्या खात्यातून पैसे कुणालाच काढता येत नाहीत. वारसाने नॉमिनेशनप्रमाणे दावा करायचा, मग खातं बंद होऊन रक्कम मिळते. खातं जॉइंट असेल तर गोष्ट वेगळी. त्यातही दोन प्रकार, ए आणि बी. ए प्रकारात सगळ्यांच्या सह्या लागतात, बी प्रकारात कुणाही एकाची चालते. ताईंना खात्याची माहिती हवी असल्यास जवळच्या हेड ऑफिसला चौकशी करावी, अर्ज साधा आहे.

खडूफळा
तात्या, पैसे कथेतले आहेत 😀

तात्या_पोष्टातले
असू देत. कथेतल्या पोस्टातही नियम पाळले पाहिजेत.

निळी_शाई
हसू नका, तात्यांचा मुद्दा कामाचा आहे. ओलीमाती, खातं जॉइंट असू शकतं?

ओलीमाती
नाही ना! भाग 7 मध्ये लिहून बसलेय की पहिल्या पानावर फक्त काकांचं नाव होतं. माझ्या मनात उलगडा असा होता की कुणीतरी खोटी सही केली. आता काय करू, भाग 7 गुपचूप बदलू?

निळी_शाई
गुपचूप नको. तो भाग ज्यांनी वाचलाय, त्यातला एक तरी माणूस पुढे जाऊन म्हणेल की पहिल्या पानावर एकच नाव होतं. रहस्यकथेचा वाचक पुरावे मोजत असतो, मागचा पुरावा बदलला की त्याचा सगळ्यावरचाच विश्वास उडतो. शुद्धलेखन, चुकलेलं नाव, चुकलेला वार हे बेलाशक दुरुस्त करा. पुरावा मात्र एकदा दिला की दिला. छापील हप्त्यांच्या काळातही हीच अडचण होती, मागचा अंक लोकांच्या घरी पोचलेला असे.

त्यापेक्षा जे लिहून झालंय ते खरं धरून उलगडा शोधा. तात्या, एकट्याचं खातं, खातेदार वारलेला, तरी जून 1997 मध्ये पैसे निघाले, हे कसं होईल?

तात्या_पोष्टातले
पोस्टाला मृत्यू कळवलेलाच नसेल तर होऊ शकतं. पैसे काढायच्या फॉर्मवर खातेदाराने आधीच सही करून ठेवली असेल आणि तारीख कोरी सोडली असेल, तर कुणीतरी तो फॉर्म घेऊन येऊ शकतो. आजारी म्हातारी माणसं घरच्यांकडे असे फॉर्म देऊन ठेवायची. पण गावातल्या ब्रँच पोस्टात हे होणार नाही. तिथला मास्तर स्वतः मयताला गेलेला असतो! खातं तालुक्याच्या सब ऑफिसला असलं पाहिजे.

आणि दुसरं. पासबुकात नोंद झाली म्हणजे पासबुक काउंटरवर आलं होतं. पासबुकाशिवाय हाताने नोंद कोण करणार? आणि शेजारी तारखेचा शिक्का.

खडूफळा
थांबा. म्हणजे ज्याने पैसे काढले तो पासबुक घेऊन पोस्टात गेला.

तात्या_पोष्टातले
अर्थात.

खडूफळा
आणि पासबुक सापडलं कुठे? काकांच्या पेटीत. बंद घरात.

चहाबिस्कीट
बाबो.

ओलीमाती
परत आणून ठेवलं कुणीतरी!! माझ्याच कथेत मला हे दिसलं नाही.

निळी_शाई
हा तुमचा पुढचा शेवट, आणि यासाठी नवीन काहीच आणावं लागत नाही. सगळं मागच्या भागांत पडलेलं आहे. वैदेही भाग 9 मध्ये तालुक्याच्या पोस्टात जाते, काउंटरवरचा कारकून सहज म्हणतो की पासबुक बघितल्याशिवाय आम्ही नोंद करत नाही. ती परत येताना एसटीत बसलीय आणि तिला खिडकीतून घर दिसतं, कुलूप लावलेलं. इथे तोडा. चोराला पैसे मिळाल्यावर पासबुक फेकून देता आलं असतं. त्याने ते जागेवर ठेवलं, आणि त्याच्याकडे किल्ली आहे.

एक धोका. हे भाग 9 च्या शेवटी आलं, तर भाग 10 ची सुरुवात त्याच एसटीत किंवा त्याच दारात करा. पुष्कळ लेखक इथे तीन दिवस पुढे उडी मारतात किंवा दुसऱ्याच पात्राकडे जातात, उत्कंठा वाढेल म्हणून. एखाद्या वेळी चालतं. सवय झाली की वाचक पहिला परिच्छेद गाळायला शिकतो.

ओलीमाती
किती गोष्टी एकाच वेळी लोंबकळत ठेवायच्या? पैसे कुणी काढले, किल्ली कुणाकडे, भाग 3 मधलं नाव नसलेलं पत्र, घर घेणाऱ्याला एवढी घाई का...

निळी_शाई
एक कागद घ्या. डिकन्स नंतरच्या कादंबऱ्यांत प्रत्येक मासिक हप्त्याला असाच एक कागद घेई. त्याचे दोन भाग करून उजवीकडे त्या हप्त्यातली प्रकरणं आणि डावीकडे स्वतःलाच विचारलेले प्रश्न. अमक्याला आणायचं का? मग उत्तर: हो, नाही किंवा अजून नाही. त्याचे असे कागद अजून जपलेले आहेत.

तुम्ही डावीकडे उघडे प्रश्न लिहा, प्रत्येकासमोर तो कुठल्या भागात उभा राहिला आणि शेवटचा उल्लेख कुठे झाला. तुमचं पत्र भाग 3 मध्ये आलं आणि नंतर पाच भाग त्याचं नावही नाही, बरोबर? साप्ताहिक वाचकासाठी तो प्रश्न मेला. तो जिवंत ठेवायला उत्तर द्यायची गरज नाही, वैदेहीने पिशवीतून पाकिटं काढताना ते पत्र हाताला लागलं, एवढं पुरतं. माझ्या मते एकच मोठा प्रश्न शेवटपर्यंत आणि दोन लहान, दोन-तीन भागांत सुटणारे. लहान सुटत राहिले पाहिजेत. काहीच सुटत नाही असं दिसलं की वाचक ठरवतो, पूर्ण झाल्यावर एकदम वाचू.

जर्सीकर
मी तेच करतो खरं तर. 'संपूर्ण' दिसल्याशिवाय हात लावत नाही. अर्धवट सोडलेल्या कथांनी पोळलोय. ही अपवाद.

खडूफळा
त्यावर उपाय म्हणजे भागाच्या वर 'भाग 9 (एकूण 22)' असं लिहायचं, आणि खाली पुढच्या भागाची तारीख. 'लवकरच' नको. मागचे सगळे भाग एका जागी दिसतील असा दुवाही हवा, नाहीतर नववा भाग पहिल्यांदा पाहणारा तिथूनच परत फिरतो.

चहाबिस्कीट
22 लिहिलं आणि 26 झाले तर?

खडूफळा
तर शिव्या खा. पण अर्धवट सोडल्याच्या शिव्यांपेक्षा कमी.

निळी_शाई
मी आकडा देणार नाही. शेवट जवळ आल्यावर, उरलेले तीन-चार असताना सांगेन. आधीपासून आकडा दिसला की वाचक हिशोब करतो: अजून बारा भाग आहेत म्हणजे आत्ता पकडलेला खरा चोर नाही.

खडूफळा
हे मात्र मला पटत नाही. छापील पुस्तकातही उरलेली पानं हाताला कळतातच की.

ओलीमाती
आणि 50 दिवसांच्या सुट्टीचं काय? घ्यायची तर कुठे? चहाबिस्कीट म्हणतील सगळ्यात मोठ्या धक्क्यावर.

चहाबिस्कीट
अर्थात! तरच परत येतील ना.

निळी_शाई
आठवड्याच्या अंतराला धक्का टिकतो, सात आठवड्यांच्या अंतराला त्याचा वैताग होतो. मोठ्या सुट्टीआधी एक लहान प्रश्न पूर्ण सोडवा, वाचकाला काहीतरी हातात मिळू दे, आणि मोठा प्रश्न नुसता दिसत राहू दे. म्हणजे किल्लीचा शेवट सुट्टीआधी नको. घर घेणाऱ्याच्या घाईचं उत्तर देऊन टाका, तिथे थांबा. किल्लीवाला भाग परत आल्यावरचा पहिला.

आणि 50 दिवस लागणारही नाहीत कदाचित. भाग 9 लिहून त्याचे दोन तुकडे केले, की दहा दिवसांत दोन भाग तयार होतात. उरलेल्या तीनांना महिना.

खडूफळा
परत येताना 'मागील भागांचा सारांश' म्हणून अर्धं पान लिहू नका. पहिल्या पाचसहा ओळींत वैदेही कुणाला तरी घडलेलं सांगते आहे एवढं पुरे. भाऊंनाच सांगू दे. ऐकताना त्यांचा चेहरा कसा होतो तेही लिहा.

ओलीमाती
भाऊंकडे घराची दुसरी किल्ली आहे हे भाग 1 मध्येच आलंय. कुणाच्याच लक्षात नाही.

जर्सीकर
माझ्या होतं.

तात्या_पोष्टातले
ताई, तो 14 जून 1997. कॅलेंडर पाहिलं, शनिवार होता. शनिवारी पोस्ट चालू असतं, ते ठीक. पण सब ऑफिसला शनिवारी काउंटर लवकर बंद होत असे. माणूस सकाळीच गेला असला पाहिजे. राजापूरची पहिली एसटी गावातून किती वाजता सुटते, ते तुमच्या कथेत कुठे आलंय का?